मौन शिबिरासाठी रजा: साहेबांना काय सांगायचं आणि कधी

प्रश्न: मी अंबड एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे, तीन वर्षं झाली. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करायचं मनात आहे. पण तिथे फोन जमा करतात, कुणाशी बोलायचं नसतं. हे सांगितलं तर साहेब सरळ नाही म्हणतील असं वाटतं. मित्र म्हणतो, आजारी रजा टाक आणि जा. रजा कशी मागू?

उत्तर:

आजारी रजा टाकू नका. मी सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत बावीस वर्षं एचआरमध्ये काम केलं आहे आणि हे शिबिर स्वतः दोनदा केलं आहे. म्हणजे रजा मंजूर करणाऱ्याच्या खुर्चीत मी बसले आहे आणि मागणाऱ्याच्याही. आधी आजारी रजेबद्दल एक गोष्ट सांगते, मग पुढचं सांगायला सोपं जाईल.

माझ्या आधीच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनचा एक मुलगा असाच गेला होता. मंगळवारी रात्री सुपरवायझरला मेसेज केला, ‘ताप आहे, डॉक्टरांनी आराम सांगितलाय’, आणि बुधवारी फोन बंद. चौथ्या दिवशीही फोन लागेना तेव्हा सुपरवायझरला खरोखर काळजी वाटली. तो फळं घेऊन पाथर्डी फाट्याला त्याच्या घरी गेला. आईने दार उघडलं आणि निर्मळ मनाने सांगितलं, ‘तो तर इगतपुरीला शिबिराला गेलाय, तुम्हाला बोलला नाही का?’ परत आल्यावर त्याच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. त्या रजा बिनपगारी झाल्या. नोकरी राहिली. पण क्वालिटीतल्या माणसाची सगळी किंमत त्याच्या सहीत असते, आणि पुढे वर्षभर त्याच्या रिपोर्टवर सुपरवायझर स्वतः एकदा नजर टाकायचा. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण सरळ मागितली असती तर ती रजा मीच मंजूर करून दिली असती. तुमचा पगार ईएसआयच्या मर्यादेत असेल तर आजारपणाचं खोटं प्रमाणपत्र हे आणखीच अंगाशी येणारं प्रकरण आहे. आणि ज्या शिबिरात पहिल्या संध्याकाळी खोटं न बोलण्याचं शील घ्यायचं, तिथे खोटं बोलून पोचायचं, हे तुम्हालाच आत टोचत राहील.

आता तुमच्या साहेबांच्या बाजूने बघा. त्यांना दहा दिवस ही संख्या जड जाणार नाही. लग्नाला माणसं दहा दिवस जातात, गावाकडे घर बांधायला जातात, त्या रजा होतात. पण लग्नाला गेलेला माणूस मांडवातून फोन उचलतो. ‘अरे, त्या बुशच्या ड्रॉइंगची रिव्हिजन कुठली चालू आहे?’ असं विचारलं की दोन मिनिटांत सांगतो. शिबिरातला माणूस सांगत नाही. साहेबांच्या मनातला खरा प्रश्न एवढाच असतो, की ‘मधेच काही अडलं तर मी कुणाला विचारू?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवून गेलात तर रजा मिळायची शक्यता बरीच वाढते. ते नसेल तर शिबिराचे फायदे कितीही सांगितले तरी उपयोग होत नाही.

सगळ्यांना एकच उत्तर लागू पडेल असं मात्र नाही. तुम्ही प्रोबेशनवर असाल किंवा राजीनामा देऊन नोटीस पिरियडमध्ये असाल, तर आत्ता मागू नका. विभागात तुम्ही एकटेच असाल आणि जागेवर बसवायला खरंच कुणी नसेल, तर आधी कुणाला तरी शिकवावं लागेल आणि त्यात दोन-तीन महिने जातील. तुमची तीन वर्षं झाली आहेत, म्हणजे रजा साठलेल्या असणार आणि हाताखाली किंवा शेजारी कुणी तरी असणार, असं धरून पुढचं लिहिते.

सगळ्यात आधी दिवस मोजा, कारण नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. ‘दहा दिवसांचं शिबिर’ म्हणजे दहा दिवसांत घरी, असं नसतं. पोचायचं असतं आदल्या दिवशी दुपारी, नोंदणीसाठी. त्याच संध्याकाळी मौन सुरू होतं. मग पूर्ण दहा दिवस, आणि अकराव्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमाराला शिबिर संपतं. दिनदर्शिकेत हे बारा दिवस होतात. दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं, लोक एकमेकांशी बोलायला लागतात, म्हणून काहींना वाटतं की त्या रात्री घरी जाता येईल. तसं जाता येत नाही. मधूनच निघता येत नाही हे तर अर्जात आधीच मान्य करून घेतात.

समजा शिबिर बुधवारी ११ तारखेला सुरू होतंय आणि तुमची साप्ताहिक सुट्टी रविवारी असते. बुधवार ११ ला नोंदणी. गुरुवार १२ हा पहिला दिवस, शनिवार २१ हा दहावा, आणि रविवार २२ ला सकाळी तुम्ही बाहेर. यात कामाचे दिवस मोजले तर पहिल्या आठवड्यात बुध ते शनि चार, दुसऱ्यात सोम ते शनि सहा, एकूण दहा. मधला रविवार १५ आणि शेवटचा रविवार २२ सुट्टीचे. म्हणजे दहा पीएल लागतील आणि सोमवारी २३ ला तुम्ही कामावर. शनिवारीही सुट्टी असणाऱ्यांना आठच रजा लागतील. ‘बुधवारी हाफ डे करून दुपारी निघतो’ असं बऱ्याच जणांना वाटतं. अंबडहून इगतपुरी तासाभराच्या अंतरावर आहे, तेव्हा जमतंही. पण मी तो दिवस पूर्ण घ्यायला सांगते. शेवटच्या सकाळी लाइनवर काही अडकलं की तीन वाजेपर्यंत तुम्ही तिथेच उभे असता, आणि मग घामाघूम होऊन नोंदणीच्या रांगेत पोचता.

मधला रविवार रजेत धरतात का, हे तुमच्या कंपनीच्या रजा धोरणात बघा. १९४८ च्या कारखाना अधिनियमात कामगारांच्या वार्षिक पगारी रजेपुरतं स्पष्ट लिहिलेलं होतं, की मधल्या आणि टोकाच्या सुट्ट्या रजेत मोजायच्या नाहीत. वीस दिवस कामाला एक रजा हा हिशेबही तिथलाच, म्हणजे वर्षात ३०० दिवस भरले तर १५ रजा. आता त्या जागी कामगार संहिता आल्या आहेत, आणि इंजिनिअर-सुपरवायझरांना तसंही कंपनीचं स्वतःचं धोरणच जास्त करून लागू होतं. काही कंपन्या मधली सुट्टी रजेत धरतात. तसं असेल तर दहाऐवजी अकरा पीएल लागतील. टाइम ऑफिसमध्ये जाऊन आपला शिल्लक आकडा कागदावर घ्या. ‘असतील पंधरा-वीस’ या अंदाजावर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊ नका.

तारीख निवडताना तुमच्या कामाचं चक्र बघा. माझ्या कामात पगार सात तारखेच्या आत आणि पीएफ-ईएसआयचा भरणा पंधरा तारखेपर्यंत असायचा. म्हणून मी दोन्ही वेळा पंधरा तारखेनंतरच्या बुधवारचं शिबिर धरलं. भरणा झाला, पावत्या फाइलला लागल्या आणि मग निघाले. तुमच्याकडे ग्राहकाचं ऑडिट, आयएटीएफचं सर्व्हेलन्स ऑडिट, नव्या पार्टचं पीपीएपी आणि मार्चअखेर या चार गोष्टी बघाव्या लागतील. यातली एक जरी त्या बारा दिवसांत येत असेल तर ती तारीख सोडा. दुसऱ्या महिन्याची घ्या. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, तेव्हा रस्त्यांचं आणि हजेरीचं सगळंच गणित वेगळं असेल, ते दिवसही टाळा.

आता क्रम. आधी साहेबांशी तोंडी बोलायचं, मग शिबिराचा अर्ज भरायचा, जागा पक्की झाल्याची मेल आली की मगच लेखी रजा टाकायची. उलटं केलं की अडचण होते. आधी जागा पक्की करून मग साहेबांकडे गेलात तर ‘ठरवूनच आलायस, मग विचारतोस कशाला’ असा सूर लागतो. आणि जागा पक्की नसताना लेखी रजा मंजूर करून घेतली तर प्रतीक्षा यादीतच राहायची वेळ येऊ शकते. मग रजा रद्द करा, पुन्हा मागा, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कुणी मनावर घेत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीला गर्दी असते, अर्ज लवकर भरावा लागतो. dhamma.org वर तारखा आणि अर्ज दोन्ही आहेत. पक्की झाल्यावरही काही केंद्रं ‘येणार ना?’ असं पुन्हा विचारतात. त्या मेलला उत्तर दिलं नाही तर जागा जाऊ शकते, तेव्हा स्पॅमचा फोल्डरही बघत राहा. आणि रजा नाहीच मिळाली तर लगेच कळवून जागा सोडा, कुणी तरी यादीत वाट बघत असतं.

तोंडी बोलायचं ते सहा ते आठ आठवडे आधी. नियमाने पंधरा दिवस आधी अर्ज चालतो. जुन्या अधिनियमात कामगारांना तेवढीच मुदत होती आणि बऱ्याच कंपन्यांनी तीच धरली आहे. पण पंधरा दिवसांत साहेबांना तुमच्या जागी माणूस बसवता येत नाही, आणि तुम्हाला त्याला शिकवता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो काम सोपवण्याला. साहेबांकडे जायच्या आधीच एक पान तयार करा. त्यावर तीनच गोष्टी: त्या बारा दिवसांत माझ्याकडे काय येणार आहे, ते कोण बघणार, आणि त्याला अडलं तर तो कुणाकडे जाणार. तिसरा रकाना लोक रिकामा ठेवतात, आणि रोज ‘फक्त एक मिनिट’ म्हणून फोन येतात ते त्याच रकान्यातले असतात.

मग तुमच्या फोनवर आणि खिशात काय काय अडकलेलं आहे ते शोधा. याच गोष्टीने मी सर्वांत जास्त गोंधळ झालेला पाहिला आहे. आमच्याकडे एकदा ग्राहकाची तक्रार आली, तीन पीसमध्ये बोअर मोठा. असं झालं की चोवीस तासांत पहिलं उत्तर द्यायचं असतं: माल थांबवला, स्टॉक तपासतोय, वेगळा काढला. बदली माणूस हुशार होता, त्याने दुपारपर्यंत स्टॉक चाळून काढला, उत्तरही लिहिलं. पण ते ग्राहकाच्या पोर्टलवर टाकायचं, आणि पोर्टलचा ओटीपी जायचा रजेवरच्या इंजिनिअरच्या मोबाइलवर. तो इंजिनिअर शिबिराला नव्हता, बहिणीच्या लग्नाला कोकणात होता आणि तिथे रेंज नव्हती. काम झालेलं असून उत्तर एक दिवस उशिरा गेलं आणि महिन्याच्या रेटिंगमध्ये मार्क कापले गेले. तुमचा मोबाइल तर बारा दिवस केंद्राच्या कपाटात असणार. म्हणून प्रत्येक ग्राहकाच्या पोर्टलला दुसरा युजर आताच जोडून घ्या, कारण नवा युजर मंजूर करायला समोरची कंपनी कधी कधी दोन-तीन आठवडे घेते. गेजच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, कॅलिब्रेशनला गेलेले गेज कधी परत येणार, लॅबच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणाला माहीत, रिपोर्टवर सही करायचा अधिकार तुमच्याशिवाय कुणाला, हे सगळं त्या पानावर आलं पाहिजे. सहीचा अधिकार लेखी द्यावा लागत असेल तर ते पत्रही आधीच करून ठेवा.

आणि तालीम करा. निघायच्या आठवडाभर आधी दोन दिवस असे घ्या की तुम्ही कंपनीतच आहात, पण तुमचं काम बदली माणूस करतो आणि तुम्हाला विचारायचं नाही. तुम्ही दुसऱ्या टेबलावर बसून जुन्या फाइली लावा. त्याला अडलं तर तिसऱ्या रकान्यातल्या माणसाकडे जायचं. त्या दोन दिवसांत तो कुठे कुठे अडला ते संध्याकाळी लिहून घ्या. माझ्या पहिल्या वेळी हजेरीतल्या एका जुन्या कोडचा अर्थ माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता, हे तालमीतच कळलं. नाहीतर पगाराच्या हिशेबात ते निघालं असतं.

हे पान हातात घेऊन साहेबांकडे जा. उत्पादनाची सकाळची बैठक झाल्यावर, डिस्पॅचची घाई सुरू व्हायच्या आधी. बोलणं पाच मिनिटांत आटपा. साधारण असं:

‘साहेब, दोन महिन्यांनी, ११ ते २२ तारखेच्या दरम्यान मला इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जायचंय. दहा पीएल लागतील, माझ्या बावीस शिल्लक आहेत. तिथे फोन जमा करावा लागतो, त्यामुळे बारा दिवस मी फोनवर मिळणार नाही. ते आधीच सांगतोय. त्या काळात आपलं कुठलं ऑडिट नाही, नवं पीपीएपी नाही. माझं काम कोण कसं बघणार ते लिहून आणलंय. तुम्ही बघा, काही राहिलं असेल तर सांगा. तुम्ही हो म्हणालात की मग मी तिकडचा अर्ज भरतो.’

यात फोनची गोष्ट लपवलेली नाही, आणि निर्णय साहेबांच्या हातात ठेवला आहे. शिबिराने एकाग्रता वाढेल, काम सुधारेल, असली आश्वासनं देऊ नका. उद्या काही चुकलं की ‘शिबिर करून काय फरक पडला’ असं ऐकावं लागतं. तुमची साठलेली रजा तुम्ही मागताय, तिला नफ्याची जोड द्यायची गरज नाही.

साहेब विचारतील, ‘हे काय, कुठल्या पंथाचं असतं का?’ नाशिकमध्ये इगतपुरीचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण आत काय चालतं याची कल्पना नसते. सरळ सांगा: पहाटे चारला उठायचं, रात्री नऊ-साडेनऊला झोपायचं, दिवसभर बसून आधी श्वास आणि चौथ्या दिवसापासून शरीरातल्या संवेदना बघायच्या. फी नसते, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. कुणाला धर्म बदलावा लागत नाही. सत्यनारायण गोएंकांनी ही पद्धत १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आणली, इगतपुरीला १९७६ पासून शिबिरं चालू आहेत. माझे त्या वेळचे प्लांट हेड पक्के हिशेबी गृहस्थ. त्यांना मी सांगितलं होतं की गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, नोकरी करत शिकवायचे. त्यावर ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, ‘ऑडिटवाला माणूस होता? मग बसा, बोलू.’

अडीअडचणीच्या फोनचं मात्र नीट ठरवा. केंद्राच्या कार्यालयाला फोन असतो, आणि घरी खरोखर गंभीर काही झालं तर निरोप तुमच्यापर्यंत पोचवतात. तो नंबर घरच्या एका माणसाकडे ठेवा, भावाकडे किंवा पत्नीकडे. साहेबांना भावाचा नंबर द्या, केंद्राचा देऊ नका. हे मी विचार करून सांगते आहे. केंद्राचा नंबर विभागात फिरला की कुणी तरी ड्रॉइंगसाठी फोन करतोच, आणि तिथले सेवक तो निरोप तुम्हाला देणार नाहीत, मग दोन्हीकडे कटुता. भावाला फोन आला तर तो ठरवेल की ही गोष्ट शिबिर थांबवण्याइतकी मोठी आहे का.

यावरून आठवलं. नाशिक शहरातही केंद्र आहे, सातपूरला, धम्म नासिका. तिथे तारीख सोयीची मिळाली तर शिबिर तेच, शिकवण तीच. फक्त अंबडहून ते हाकेच्या अंतरावर. एका कंपनीतल्या साहेबांनी तिथे शिबिराला बसलेल्या आपल्या माणसाला खरंच निरोप धाडला होता, ‘इथेच तर आहे, तासाभरासाठी गाडी पाठवतो, येऊन सही करून जा.’ अर्थातच त्याला बाहेर येता आलं नाही, आणि साहेबांना तो अपमान वाटला. तेव्हा सातपूरला जाणार असाल तर आधीच स्पष्ट सांगा, की जागा जवळ असली तरी बारा दिवस मी आतच असेन.

होकार मिळाला आणि जागा पक्की झाली की लेखी अर्ज. ऑनलाइन प्रणाली असेल तरी कारणाच्या रकान्यात हे लिहा आणि मेलही टाका:

‘विषय: दि. ११ ते २१ पर्यंत दहा दिवस पीएल मिळणेबाबत. महोदय, इगतपुरी येथील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी मला वरील काळात रजा हवी आहे. दि. २३ रोजी सकाळच्या पाळीत मी रुजू होईन. शिबिराच्या नियमानुसार दि. ११ दुपारपासून दि. २२ सकाळपर्यंत मी फोन किंवा मेलवर उपलब्ध नसेन. माझ्या कामाची व्यवस्था सोबतच्या तक्त्यात दिली आहे. तातडीच्या कौटुंबिक निरोपासाठी भावाचा क्रमांक तक्त्याच्या शेवटी आहे. रजा मंजूर करावी, ही विनंती.’

मंजुरी लेखी हातात आल्याशिवाय निघू नका. ‘जा रे, बघू’ हा होकार धरू नका. बहुतेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत सलग दहा दिवसांपेक्षा जास्त विनापरवानगी गैरहजेरी हे गैरवर्तन मानलेलं असतं. इतर वेळी माणूस तिसऱ्या दिवशी पत्र मिळालं की धावत येतो. तुम्ही आत असताना पत्र घरी येऊन पडेल, मुदत संपेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल. साहेब मधेच बदलले, सुट्टीवर गेले, तर नव्या माणसासमोर ठेवायला तुमच्याकडे तो एक कागदच असतो.

नाही म्हणाले तर? वाद घालू नका, एकच विचारा: ‘साहेब, ही तारीख अडचणीची आहे की इतके दिवस फोन बंद असणं?’ तारखेची अडचण असेल तर त्यांच्याच तोंडून महिना घ्या आणि त्या महिन्यातल्या दोन तारखा, एक इगतपुरीची आणि एक सातपूरची, दुसऱ्या दिवशी समोर ठेवा. फोनची अडचण असेल तर बदली माणूस त्यांना पुरेसा वाटत नाही, असा त्याचा अर्थ. मग महिनाभर त्याला जास्त जबाबदारी देऊन दाखवा आणि पुन्हा विचारा. एका मुलाला मी हेच सांगितलं होतं, त्याला चार महिने लागले, पण तो गेला. ‘पाच दिवस जा, मग ये’ अशी तडजोड साहेब सुचवतील. ती स्वीकारू नका, कारण नव्या माणसासाठी दहा दिवसांचंच शिबिर असतं. छोटी शिबिरं आधी दहा दिवस केलेल्यांसाठी आहेत.

हे वाचणाऱ्यांत कुणी राज्य सरकारच्या नोकरीत असेल तर त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना विपश्यना शिबिरासाठी चौदा दिवसांपर्यंत परिवर्तित रजेची तरतूद आहे, अटींसह. आस्थापना शाखेत शासन निर्णय मागून घ्या. खासगी कंपनीत तो दाखवून काही मिळत नाही.

एक गोष्ट मला काळजीने विचारायची आहे. मानसिक आजारासाठी औषधं चालू असतील, किंवा कामाच्या ताणाने झोप पूर्ण उडाली असेल आणि त्यातून सुटका म्हणून शिबिराकडे बघत असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि शिबिराच्या अर्जात ते खरं लिहा. दहा दिवसांचं मौन आणि दिवसाला दहा तासांची बैठक सोपी नसते, आणि अर्जातले आरोग्याचे प्रश्न त्यासाठीच असतात.

परतीचं शेवटचं. रविवारी २२ ला सकाळी फोन हातात आला की कंपनीचा ग्रुप उघडू नका. घरी जा, जेवा, झोपा. बारा दिवसांनी आवाजच मोठे वाटतात, इगतपुरीहून निघालेल्या बसचा हॉर्नसुद्धा. सोमवारी पंधरा मिनिटं लवकर पोचा आणि मेल उघडायच्या आधी बदली माणसाबरोबर चहा घेत ते पान पुढे ठेवा, एकेक ओळ विचारा: काय आलं, काय झालं, काय राहिलं. मग साहेबांकडे जाऊन उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगा, काय बंद झालं आणि काय मी आता हातात घेतो आहे. आणि तुमच्या जागी ज्याने काम केलं त्याला विचारा, त्याला रजा कधी हवी आहे. त्याच्या तारखा त्याच दिवशी तुमच्या वहीत लिहून ठेवा.